सोळाव्या अंकाचं काय झालं?

ओळखीच्या एका ताईंनी परवा त्यांची एक्सेलची फाइल माझ्यापुढे ठेवली. चाळीस माणसांची यादी, एका कॉलममध्ये मोबाइल क्रमांक, शेजारी बँकेचा खाते क्रमांक. मोबाइलच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत `1.23457E+11` अशा थाटाच्या नोंदी होत्या. खाते क्रमांकांचंही आधी तसंच झालं होतं, पण तिथे त्यांनी फॉरमॅट बदलून, कॉलम रुंद करून सगळे सोळा अंक उघडे केले होते. "हा कॉलम मी दुरुस्त केला, आता तो दुसरा तेवढा करून द्या," म्हणाल्या.

झालं होतं नेमकं उलट. विचित्र दिसणारा कॉलम शाबूत होता आणि छान दिसणारा कायमचा गेला होता. (खऱ्या लोकांचे खरे क्रमांक इथे देत नाही. मोबाइलसाठी 123456789012 आणि खात्यासाठी 1234567890123456 असे ओळीने मांडलेले अंक घेतो, म्हणजे कुठला अंक हरवला ते डोळ्यांना लगेच दिसेल.)

आधी मोबाइलचं बघू. `1.23457E+11` म्हणजे 1.23457 गुणिले दहाचा अकरावा घात. फार मोठ्या राशी आटोपशीर लिहायची ही शास्त्रज्ञांची पद्धत. सेलचा फॉरमॅट General असला की एक्सेल अकरा अंकांपर्यंतची पूर्ण संख्या जशीच्या तशी दाखवतं आणि बारावा अंक आला की ही पद्धत वापरायला लागतं. नुसता मोबाइल क्रमांक सहसा या मर्यादेत बसतो. त्याच्यापुढे देशाचा कोड लागला की मर्यादा ओलांडली जाते. कोडाआधी अधिकचं चिन्ह टाकलं तरी उपयोग होत नाही, कारण एक्सेल ते 'धन संख्या' असं वाचतं आणि गिळून टाकतं.

पण हा सगळा दाखवण्याचा प्रकार. त्या सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं तर 123456789012 पूर्ण उभा असतो. Format Cells मध्ये Number निवडून दशांश स्थळं शून्य केली की कॉलम सरळ होतो. फोन क्रमांकांच्या बाबतीत आणखी एक दिलासा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या E.164 या मानकानुसार देशाचा कोड धरूनही फोन क्रमांक पंधरा अंकांपेक्षा लांब असू शकत नाही. आणि पंधरा हाच एक्सेलचा उंबरठा आहे.

खाते क्रमांकाचा घात त्याच उंबरठ्यावर झाला. कोऱ्या सेलमध्ये 1234567890123456 टाइप करून एंटर दाबा आणि फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे 1234567890123450 दिसेल. शेवटच्या सहाचा शून्य झाला. लपला नाही, झालाच. नंतर फॉरमॅट कोणताही द्या, सहा परत येत नाही, कारण तो आता फाइलमध्ये कुठेच नाही.

असं का होतं? स्प्रेडशीट प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या ठरावीक मापाच्या डबीत ठेवते. डबीचे तीन कप्पे असतात. एक बिट चिन्हासाठी, ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट प्रत्यक्ष अंकांसाठी. पहिला बिट गृहीत धरलेला असतो, म्हणून अंकांना प्रत्यक्षात ५३ बिट मिळतात. या मांडणीचं मानक, IEEE 754, १९८५ सालचं. योगायोग असा की एक्सेलही त्याच वर्षी बाजारात आलं. ही मांडणी अणूच्या वजनापासून ताऱ्यांच्या अंतरापर्यंत सगळं सामावून घेते, पण एका अटीवर, की फक्त पुढचे काही अंक नेमके मिळतील. दोनाचा त्रेपन्नावा घात म्हणजे 9007199254740992. इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या डबीत अचूक बसते. त्यापुढे विषम संख्यांना जागाच उरत नाही. शेवटी 993 असलेली पुढची संख्या ठेवायला गेलात तर ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते.

म्हणजे पंधरा अंकी कुठलीही संख्या हमखास सुरक्षित राहते, सोळा अंकी काही राहतात आणि काही राहत नाहीत. एक्सेलने या 'काही'ची भानगडच ठेवली नाही. पहिले पंधरा सार्थ अंक ठेवायचे आणि पुढे सगळे शून्य. आपला नमुना क्रमांक दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापेक्षा लहान आहे, म्हणजे ६४ बिटांत तो सुखाने मावला असता. त्याला बिटांनी नाही, एक्सेलच्या नियमाने कापलं. लांबी मोजायची असेल तर हा नियम अगदी शहाणपणाचा आहे, सोळावा अंक हवा असलेली मोजपट्टी कोणाकडे असते? पण खाते क्रमांक काही मोजत नाही. ते नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेलं, आणि नावातलं शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच महत्त्वाचं.

हा घाव ओळखणं सोपं आहे. एक्सेल इथे जवळच्या संख्येकडे वळवत नाही, थेट छाटतं. शेवटी नऊ असला तरी त्याचा शून्यच होतो, अलीकडचा अंक वाढत नाही. त्यामुळे सोळा अंकी क्रमांकांचा अख्खा कॉलम शून्यावर संपतो, सतरा अंकी असतील तर दोन शून्यांवर. चाळीस खात्यांत शेवटी शून्य असलेली साधारण चार निघावीत. ताईंच्या यादीत चाळीसच्या चाळीस होती. हे मी दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं बँकेची पद्धतच असेल."

गेलेला अंक हिशेबाने परत काढता येतो का? एका ठिकाणी येतो. सोळा अंकी कार्ड क्रमांकातला शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून ठरलेला असतो. हान्स पीटर लून यांनी शोधलेली ही तपासणी पद्धत. चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा 4111111111111111 घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक दुप्पट करायचे (दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची), उरलेले तसेच ठेवायचे. चाराचे आठ, सात एकांचे चौदा, उरलेल्या सात एकांचे सात. एकूण २९. पुढची दहाची पट ३०, म्हणून शेवटचा अंक एक. नेमका तोच अंक एक्सेलने खाल्लेला असतो. साध्या खाते क्रमांकात मात्र असा तपासणी अंक शेवटी असेलच असं नाही, तेव्हा तिथे मूळ कागद शोधण्याला पर्याय नाही. युरोपात आणि इतरत्र वापरला जाणारा IBAN क्रमांक या संकटातून आपोआप सुटतो, कारण तो दोन अक्षरांनी सुरू होतो आणि एक्सेल त्याला संख्या समजतच नाही.

मोबाइलचा कॉलम शाबूत आहे असं मी म्हणालो खरं, पण तो एका क्लिकवर उभा होता. ताई ती फाइल CSV म्हणून सेव्ह करून पुढे पाठवणार होत्या. CSV म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात सेलही नसतात आणि फॉरमॅटही नसतो. आणि एक्सेल CSV लिहिताना सेलमध्ये साठवलेली संख्या लिहीत नाही, सेलमध्ये जे दिसतं ते लिहितं. म्हणजे फाइलमध्ये खरोखरच `1.23457E+11` ही अक्षरं उतरतात. ती फाइल पुन्हा उघडली की फॉर्म्युला बारमध्ये 123457000000 येतो. बारापैकी सहाच अंक उरले, तेही शेवटचा वर ढकलला जाऊन. हरवलेले सहा अंक दहा लाख प्रकारे भरता येतील. म्हणून माझी सवय अशी, की CSV बरी आहे का हे एक्सेलमध्ये कधी बघायचं नाही. नोटपॅडमध्ये उघडायची. तिथे फाइलमध्ये आहे तेच दिसतं.

जीवशास्त्रज्ञही यात पोळले आहेत. जपानच्या RIKEN संस्थेच्या जनुकीय नमुन्यांना 2310009E13 असे क्रमांक असतात. मधला E पाहून एक्सेल त्याला दहाचा घात समजतं आणि नमुन्याच्या नावाची एक अवाढव्य संख्या करून टाकतं. याबद्दल २००४ साली शोधनिबंधातून धोक्याची सूचना द्यावी लागली होती.

ताईंचं नशीब, बँकेच्या प्रणालीतून उतरवलेली मूळ CSV त्यांच्या डाउनलोडमध्ये पडून होती. नोटपॅडमध्ये तिच्यात सोळाही अंक दिसले. म्हणजे घाव डबल क्लिकचा होता. CSV थेट उघडली की एक्सेल अंकांची प्रत्येक रांग संख्या मानतं, सुरुवातीचे शून्य गाळतं आणि मागचे अंक छाटतं. म्हणून नवीन कोरी फाइल घेऊन आम्ही Data टॅबमधून From Text/CSV ने ती आत आणली, Transform Data वर गेलो आणि दोन्ही कॉलमचा प्रकार Text केला. तिथे एक प्रश्न येतो, आधीचा बदल पुसून नवा करायचा की त्याच्यावर आणखी एक चढवायचा? Replace current निवडायचं. नाहीतर आधी संख्या होते आणि मग तिचा मजकूर होतो, आणि सुरुवातीचे शून्य तोवर गेलेले असतात. हाताने टाइप करायचं असेल तर कॉलम आधी Text करून ठेवावा किंवा क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावं. क्रम महत्त्वाचा. संख्या आत गेल्यावर कॉलम Text केला तर मिळत काहीच नाही. २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये File, Options, Data इथे लांब संख्यांचं हे आपोआप रूपांतर बंद करायची सोयही आली आहे. इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न मलाही पडतो.

आता सगळे अंक जागेवर आहेत म्हटल्यावर ताईंनी एकच खातं दोनदा आलंय का ते पाहायला COUNTIF लावलं. दोन माणसांपुढे 2 आला. त्यांचे क्रमांक शेवटच्या अंकातच वेगळे होते, एक सहावर संपणारा, दुसरा आठवर. कॉलम मजकुराचा होता तरी COUNTIF तुलना करताना संख्येसारखा दिसणारा मजकूर संख्या समजून घेतं, आणि मग तोच पंधरा अंकांचा नियम पुन्हा आडवा येतो. मजकुराची मजकुराशी थेट तुलना करणारं हे सूत्र घातलं:

```
=SUMPRODUCT(--(B$2:B$41=B2))
```

दोघांपुढेही 1 आला.