हिमोग्लोबिनची रेषा कोणी आखली आणि ती कुठवर धरायची

उपकेंद्रात गरोदर स्त्रीच्या कार्डावर ‘९.८’ असा आकडा लिहिला जातो आणि घरी निरोप जातो की रक्त कमी आहे. या आकड्याने एवढेच सांगितलेले असते की तिच्या एक डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हे प्रथिन ९.८ ग्रॅम आहे. तिच्या शरीरात एकूण रक्त किती आहे हे त्यातून कळत नाही, आणि हिमोग्लोबिन कशामुळे कमी झाले हेही नाही. तरीही अमुक आकड्याच्या खाली ‘कमी’ असे आपण ठामपणे म्हणतो, कारण ती रेषा कधीतरी, कोणीतरी, हाताशी असलेल्या माहितीवर आखलेली आहे.

आपल्याकडे मोजणी दीर्घकाळ मुख्यतः साहली पद्धतीने होत आली. बोटातून वीस घनमिलिमीटर रक्त नळीने ओढायचे, ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि तयार झालेला तपकिरी रंग शेजारच्या काचपट्टीशी जुळेपर्यंत थेंबथेंब ऊर्ध्वपातित पाणी घालत जायचे. दहा मिनिटे पूर्ण होण्याआधी वाचले तर आकडा कमी येतो. खिडकीतल्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली रंग वेगळा भासतो, त्यामुळे दोन परिचारिकांच्या वाचनात एक ग्रॅमपर्यंत फरक पडणे नवलाचे नव्हते. खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांनी कित्येक दशके याच नळीवर काम भागवले. आता तिची जागा बऱ्याच ठिकाणी बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या डिजिटल यंत्राने घेतली आहे.

मापनापेक्षा जास्त वाद रेषेवरून झाला आहे, आणि त्याचे मूळ १९६८ मध्ये आहे. त्याआधी १९५८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने पुरुषांसाठी १४, स्त्रियांसाठी १२ आणि गरोदर स्त्रियांसाठी १० ग्रॅम अशा मर्यादा सुचवल्या होत्या. दहा वर्षांनी तिच्याच दुसऱ्या गटाने पुरुषांची मर्यादा १३ वर आणली, गरोदर स्त्रियांची ११ वर नेली आणि सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ११ ठरवली. हा निर्णय मोजक्याच अभ्यासांवर बेतलेला होता आणि त्यांतले बहुतेक पाश्चात्त्य देशांतले होते. गरोदरपणात रक्तातले पाणी रक्तपेशींपेक्षा अधिक वेगाने वाढते, म्हणून निरोगी स्त्रीचे हिमोग्लोबिनही मधल्या तिमाहीत उतरते. हे ठाऊक असूनही नऊ महिन्यांसाठी ११ हा एकच आकडा राहिला. अर्धशतकाहून अधिक काळ योजना, सर्वेक्षणे आणि गोळ्यांचे वाटप याच आकड्यावर उभे होते, आणि आपल्या जिल्ह्यांतली गावे ‘रक्ताक्षयाची’ ठरली तीही याच आकड्याने.

वादाला धार आली ती गेल्या दशकात. २०१९-२१ च्या देशव्यापी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्ताक्षयी आढळल्या. ती मोजणी बोटाच्या थेंबावर झाली होती. थेंब येत नाही म्हणून बोट दाबले की रक्तात ऊतींतला द्रव मिसळतो आणि आकडा खाली येतो. लहान मुलांच्या पोषणाच्या आणखी एका राष्ट्रीय सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले, तेव्हा प्रमाण बरेच कमी निघाले. त्यावर काही संशोधकांनी भारतीयांसाठी रेषाच खाली आणावी असे सुचवले, तर काहींनी सांगितले की कुपोषित समाजातली सरासरी निरोगीपणाचे माप होऊ शकत नाही. पुढच्या फेरीतून रक्ताक्षयाची मोजणी वगळण्यात आली. शिरेतल्या रक्ताचा आग्रह योग्यच होता, पण पर्यायी मोजणी हाती येण्याआधीच जुनी थांबवल्याने जिल्ह्यांची तुलना तुटली, आणि त्याची झळ गोळ्यांवर अवलंबून असलेल्या गावांनाच बसते.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा सुधारल्या गेल्या. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी आणि गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीसाठी रेषा १०.५ झाली आणि शिरेतले रक्त स्वयंचलित यंत्रावर तपासणे श्रेयस्कर ठरले.

याचा अर्थ एका उदाहरणावरून पाहू. समजा, सहाव्या महिन्यातल्या एका स्त्रीचे बोटाच्या थेंबावर ९.८ आले. जुन्या वर्गवारीत ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्ताक्षय. ग्रामीण रुग्णालयात शिरेतून रक्त घेतले तर १०.७ निघाले. हा आकडा जुन्या रेषेने सौम्य रक्ताक्षयाचा आणि नव्या रेषेने रक्ताक्षयच नाही असा ठरतो. पण त्याच अहवालात रक्तपेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६९ आहे. प्रौढांत ते साधारण ८० ते १०० असते. पेशी लहान असणे ही लोह अपुरे पडत असल्याची नेहमीची खूण आहे. साठ्याचे लोह दाखवणारे फेरिटिन तपासले आणि ते ९ निघाले तर शंका मिटते, कारण १५ च्या खाली साठा रिता असल्याचे मानले जाते. लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरते. म्हणून या स्त्रीला केवळ रेषेच्या वर आली म्हणून गोळ्यांतून वगळणे चूक ठरेल. गोळ्या नियमित घेतल्या तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढायला हवे. गोळी चहासोबत घेतली तर लोह कमी शोषले जाते. फेरिटिनलाही एक मर्यादा आहे: ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ते वाढते आणि रिता साठा लपवते.

कमी आकड्याचे सर्वांत नेहमीचे कारण लोहाची कमतरता असते: मासिक पाळीत जाणारे रक्त, पाठोपाठची बाळंतपणे, जंत आणि पालेभाजी-डाळीविना चाललेला आहार. विदर्भात मात्र दुसरे एक कारण कधीच नजरेआड करता येत नाही. सिकलसेल या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहकत्व नागपुरातून १९५८ मध्येच नोंदले गेले होते, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात तो आजार घराघरांत माहीत आहे. समजा, त्याच गावातल्या दुसऱ्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ८.४ आहे, दोन महिने गोळ्या घेऊनही ते हललेले नाही, एमसीव्ही ८४ आहे, डोळे पिवळसर आहेत आणि अधूनमधून हातपाय असह्य दुखतात. अशा वेळी गोळ्या वाढवत राहण्याऐवजी सिकलसेलची तपासणी करायला हवी. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक कोण आणि पीडित कोण हे ती वेगळे करत नाही, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांनीच ठरते. शिवाय वाहकाचे हिमोग्लोबिन बहुधा सामान्यच असते, त्यामुळे केवळ कमी आकड्यांच्या यादीतून वाहक सापडत नाहीत. पेशी लहान असूनही लोहाचा साठा भरलेला असला, तर थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन कमी तयार होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहकत्वही तपासावे लागते.

१९७० पासून चाललेल्या लोहगोळ्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ‘कमी आकडा, म्हणून गोळी’ ही सवय रुजवली. २०१८ मध्ये त्याची फेरमांडणी झाली. गरोदर स्त्रीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, आणि सौम्य किंवा मध्यम रक्ताक्षय असल्यास दिवसाला दोन गोळ्या असे ठरले. महिन्याभराने आकडा न वाढल्यास तिला वरच्या रुग्णालयात पाठवायचे, आणि ७ च्या खाली असल्यास लगेच, असेही त्यात आहे. पहिला भाग उपकेंद्रापर्यंत पोहोचला, कारण गोळ्यांचे पाकीट मोजून देता येते. महिन्याभरानंतरची दुसरी तपासणी मात्र सोयाबीन काढणीत आणि कापूस वेचणीत मजुरी बुडवून करावी लागते, आणि म्हणूनच कार्डावर पहिला आकडा दिसतो, दुसऱ्याची जागा कोरी राहते.