चार पिवळ्या पाकळ्या आणि तीन वेगवेगळी झाडं

रानफुलाचा फोटो टाकून "हे कोणतं फूल?" असं विचारलं की बहुतेक जण आधी रंग सांगतात, पण रंगाने फारसं काही ठरत नाही, पिवळी फुलं तर शेकड्याने आहेत. मी आधी पाकळ्या मोजतो, मग फुलाचे दोन सारखे भाग कसे पडतात ते बघतो आणि शेवटी फुलं दांड्यावर कुठे बसलीत ते. या तीन गोष्टी नीट बघितल्या तर निदान कुळापर्यंत तरी पोचता येतं.

समजा तुम्हाला चार पाकळ्यांचं लहानसं पिवळं फूल दिसलं. चार हा आकडा कामाचा आहे, कारण पाच पाकळ्यांची कुळं खूप आहेत आणि चारवाली त्या मानाने कमी. मात्र मोजायचं ते एकाच फुलावरून नाही, चार-पाच फुलं बघायची, कारण पाचातली एक गळून पडली की चारच उरतात आणि अख्खी ओळख चुकते. गळलेल्या पाकळीच्या जागी फट दिसते, आणि खाली हिरवी निदलं पाच असतील तर पाकळ्याही बहुतेक पाचच होत्या असं समजायचं.

तर चार पक्क्या झाल्या. आता फूल अगदी समोरून बघा आणि मनातल्या मनात कापा. मोहरीच्या फुलात पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या चार दिशांना असतात, उभं कापा, आडवं कापा, दोन्हीकडे सारखंच. पिवळ्या तिळवणीत तसं होत नाही. तिच्याही पाकळ्या चारच, पण चारही वरच्या बाजूला वळलेल्या, आणि पुंकेसर खाली-पुढे मोकळे सुटलेले, म्हणजे उभं कापलं तरच दोन अर्धे सारखे पडतात, आडवं कापलं की वर नुसत्या पाकळ्या आणि खाली नुसते केसर. मी सुरुवातीला नुसत्या आकड्यावर जाऊन तिळवणीला मोहरीच्या कुळात टाकलं होतं, आणि चूक कळली ती पुंकेसर मोजल्यावर. मोहरीत ते सहा असतात, चार लांब आणि दोन आखूड, आणि माझ्या हातातल्या फुलात दहाच्या वर निघाले! शिवाय बोटं चिकट झाली होती, कारण तिळवणीच्या सगळ्या अंगावर चिकट बारीक केस असतात.

पण समोरून सारखं दिसलं म्हणजे मोहरीच, असंही नाही. ओलसर जागी पानलवंग येते, तिच्याही पाकळ्या बहुतेक चार, पिवळ्या आणि सगळीकडून सारख्या. इथे आकडा आणि आकार दोन्ही गोष्टी संपल्या, आता दांडाच बघायला लागतो. मोहरीत फुलं शेंड्याला झुबक्यात असतात, मधे कळ्या, त्यांच्या भोवती उमललेली फुलं आणि खाली उतरत गेलं की शेंगा, आणि मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे फुलाच्या देठाखाली पान नसतं, देठ थेट दांड्यातून निघतो. पानलवंगेत प्रत्येक फूल एकटं, पानाच्या बगलेत. त्याच्या खालची लांबट नळी देठासारखी दिसते, पण तो देठ नाही, ते पुढे फळ होणार आहे, आणि ते धरल्यावर निदलं वरच टिकतात म्हणून लवंगेसारखं दिसतं. मोहरीत मात्र शेंग होणारा भाग फुलाच्या आत, पाकळ्यांच्या वर असतो.

तिळवण या बाबतीत दोघींच्या मधे बसते. फुलं शेंड्याकडे तुऱ्यासारखी येतात खरी, पण जवळून बघितलं तर प्रत्येक देठाच्या बुडाशी एक लहान पान असतं. लांबून मोहरीसारखी वाटणारी ही फुलं त्या पानामुळे लगेच वेगळी पडतात, म्हणून फोटो काढताना नुसता फुलाचा क्लोजअप नको, दांड्याचा वीतभर भाग बाजूने यायलाच हवा, नाहीतर नाव सांगणाऱ्याला अंदाजच करावा लागतो.

नियमाला अपवादही आहेत. कँडीटफ्ट मोहरीच्याच कुळातलं, पण त्याच्या बाहेरच्या दोन पाकळ्या मोठ्या आणि आतल्या दोन लहान, त्यामुळे एकटी सममिती धरून बसलं की फसगत होते. एकदांडीसारख्या फुलात तर आपण ज्याला पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक अख्खं फूल असतं आणि मधल्या पिवळ्या चकतीत आणखी डझनावारी फुलं असतात, तिथे पाकळ्या मोजून काहीच हाती लागत नाही.

शेवटी शंका उरलीच तर पिकलेली शेंग उघडा. मोहरीच्या शेंगेत मधोमध एक पातळ पडदा असतो, दोन्ही टरफलं गळली तरी तो देठावर तसाच राहतो. तिळवणीच्या शेंगेत कडांची चौकट राहते, पण पडदा नसतो.