गृहकर्जाचा मासिक हप्ता (ईएमआय)

घर घेण्यासाठी बँकेकडून किंवा गृहवित्त कंपनीकडून काढलेल्या कर्जाची परतफेड दरमहा एकाच ठरावीक रकमेने केली जाते. या रकमेला मासिक हप्ता किंवा बोलीभाषेत ईएमआय म्हणतात. व्याजदर बदलला नाही तर पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता तेवढाच राहतो, पण त्याच्या आतली व्याज आणि मुद्दल यांची वाटणी दर महिन्याला बदलते. सुरुवातीला हप्त्याचा बहुतेक भाग व्याजात जातो. बँक आधी आपले व्याज वसूल करून घेते आणि मग मुद्दलाला हात लावते, असा समज यातूनच पसरला आहे. तो चुकीचा आहे. बँक त्या त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावर फक्त त्या महिन्याचे व्याज आकारते, एवढा एकच नियम या सगळ्यामागे आहे.

वार्षिक ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेले ३० लाखांचे कर्ज उदाहरणाला घेऊ. महिन्याचा दर म्हणजे ८.५ भागिले १२, अर्थात सुमारे ०.७०८ टक्के. पहिल्या महिन्यात सगळे ३० लाख शिल्लक असतात, म्हणून व्याज होते २१,२५० रुपये. या कर्जाचा हप्ता २६,०३५ रुपये येतो (तो कसा, ते पुढे पाहू). व्याज वजा जाता मुद्दलात पडतात जेमतेम ४,७८५ रुपये. दुसऱ्या महिन्यात व्याज लागते ते २९,९५,२१५ रुपयांवर. ते २१,२१६ रुपये होते, म्हणजे ३४ रुपयांनी कमी, आणि हप्ता तोच असल्याने हे वाचलेले ३४ रुपये मुद्दलात जातात.

हप्त्याचे सूत्र या दुसऱ्या महिन्यातच दडलेले आहे. या महिन्यात जितके मुद्दल फिटले, तितक्या रकमेवरचे महिन्याचे व्याज पुढच्या महिन्यात वाचते आणि मुद्दलाच्या वाट्यात भर घालते. म्हणजे मुद्दलाचा वाटा दरमहा ०.७०८ टक्क्यांनी, चक्रवाढीने वाढत जातो. असे २४० वाटे मिळून बरोबर ३० लाख झाले पाहिजेत. ही अट पाळणारा पहिला वाटा काढला की तो ४,७८५ येतो. त्यात पहिल्या महिन्याचे २१,२५० रुपये व्याज मिळवले की हप्ता तयार. हेच गणित एका ओळीत असे लिहितात:

```
EMI = P × r × (1+r)^n / ((1+r)^n − 1)
```

यात P म्हणजे कर्जाची रक्कम, r म्हणजे मासिक दर (इथे 0.085/12) आणि n म्हणजे हप्त्यांची संख्या. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये पुढील सूत्र टाकले की हाच आकडा मिळतो:

```
=PMT(8.5%/12, 240, -3000000)
```

बँकेने सांगितलेला हप्ता याच्याशी पडताळून पाहावा. काही रुपयांचा फरक पूर्णांक करताना पडतो. फरक मोठा असेल तर दर किंवा मुदत ठरल्यापेक्षा वेगळी धरलेली असण्याची शक्यता असते.

मुद्दलाचा वाटा चक्रवाढीने वाढत असला तरी सुरुवात फार लहान असल्याने तो दीर्घकाळ लहानच राहतो. पाच वर्षांत कर्जदार सुमारे १५.६२ लाख रुपये भरतो, त्यांतले जवळपास १२.०६ लाख व्याजात जातात आणि कर्ज फक्त ३.५६ लाखांनी उतरते. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, संपते तेव्हा सुमारे २१ लाख देणे उरलेले असते. हप्त्यात मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा होतो तो १४३ व्या हप्त्याला, बारावे वर्ष संपत आले असताना. शेवटच्या हप्त्यात मात्र व्याज असते अवघे १८३ रुपये.

हा १४३ चा आकडा कर्जाच्या रकमेवर अजिबात अवलंबून नाही. मोजायचे ते शेवटाकडून: ८.५ टक्के दराला मुद्दलाचे पारडे जड असते ते फक्त शेवटच्या ९८ हप्त्यांत. या दराने महिन्याच्या चक्रवाढीने पैसा दुप्पट व्हायलाही सुमारे ९८ महिनेच लागतात, आणि ही जुळणी योगायोगाने झालेली नाही: मुद्दलाचा वाटा याच चक्रवाढीने वाढत शेवटी जवळपास अख्खा हप्ता व्यापतो, म्हणून त्याआधी सुमारे ९८ महिने तो निम्मा असतो. त्यामुळे मुदत जितकी लांब तितका सुरुवातीचा व्याजाचा पट्टा लांब. आठ वर्षांच्या कर्जात पहिल्याच हप्त्यापासून मुद्दल जास्त फिटते. वरचेच कर्ज १५ वर्षांचे केले तर हप्ता २९,५४२ रुपये होतो. महिन्याला साधारण साडेतीन हजार जास्त द्यावे लागतात, पण पहिल्याच हप्त्यात मुद्दलात ८,२९२ रुपये पडतात आणि एकूण व्याज सुमारे ३२.५ लाखांवरून २३.२ लाखांवर येते.

मधेच जादा रक्कम भरण्याचा परिणामही याच नियमाने कळतो. जादा भरणा पूर्णपणे मुद्दलात जातो. पहिले वर्ष संपताना एक लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदतीतून १८ हप्ते गळतात आणि साधारण ३.७ लाखांचे व्याज वाचते. तोच एक लाख पंधरा वर्षांनी भरला तर जेमतेम सहा हप्ते कमी होतात आणि सुमारे ५० हजार वाचतात. दर दोन्ही वेळा ८.५ टक्केच आहे, फक्त पहिल्या वेळी तो लाख रुपये अधिक वर्षे व्याजापासून सुटतो. भरणा करताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असे बँकेला लेखी सांगावे, कारण मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर बचत बरीच घटते. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच मनाई केली आहे.

बदलत्या दराच्या कर्जात हेच गणित उलटेही फिरते. दर वाढला की अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाते, आणि खात्यातून जाणारी रक्कम बदलत नसल्याने कर्जदाराच्या ते लक्षातही येत नाही. आपल्या उदाहरणात एका वर्षानंतर दर ९.५ टक्के झाला, तर उरलेल्या २२८ हप्त्यांचे २८५ होतात. एका टक्क्याने पावणेपाच वर्षे वाढतात, कारण मुद्दलात आधीच थोडे पडत होते, ते आणखी आटते. दर १०.६३ टक्क्यांच्या पुढे गेला तर २६,०३५ रुपयांत महिन्याचे व्याजही भागत नाही आणि कर्ज उतरण्याऐवजी वाढू लागते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा हा धोका अनेक नव्या कर्जदारांच्या जवळ आला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना काढल्या: दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही, यांची निवड कर्जदाराला द्यावी, आणि मुदत वाढवताना कर्ज फुगणार नाही हे पाहावे. दर बदलल्याचा निरोप आला की बँकेकडून नवा परतफेड तक्ता मागून घ्यावा आणि त्यात दोन रकाने पाहावेत: उरलेले हप्ते किती आणि पुढच्या हप्त्यात मुद्दल किती.

बांधकाम चालू असलेल्या घरासाठी कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. तोवर अनेक बँका दिलेल्या रकमेवरचे फक्त व्याज घेतात, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. त्यात मुद्दल एक रुपयानेही उतरत नाही. ताबा दोन वर्षे लांबला तर ती दोन वर्षे भरलेले व्याज वरच्या हिशेबाच्या बाहेरचे असते, आणि २४० हप्त्यांची मोजणी त्यानंतर सुरू होते.