दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी खेळांचे अनुकूलन

अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना खेळता यावे म्हणून खेळाची साधने, मैदान आणि सूचना यांत बदल केले जातात. चेंडूची जागा आवाजावरून, धावण्याची दिशा दोरीच्या स्पर्शावरून आणि सहखेळाडूंच्या जागा बोलण्यावरून कळाव्यात, अशी त्यामागील योजना असते.

चेंडूत घुंगरू किंवा छर्रे असतात. मात्र असा चेंडू थांबला की गप्प होतो आणि मग तो पायाशी असला तरी सापडत नाही. म्हणून तो उंच न फेकता जमिनीवरून घरंगळत सोडतात. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये सुरू झालेला गोलबॉल याच तत्त्वावर चालतो. त्याच्या मैदानावरील रेषांच्या चिकटपट्टीखाली सुतळी असते, त्यामुळे खेळाडूला आपली जागा हातापायांनी चाचपता येते. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी शांत राहायचे असते. खास चेंडू नसेल, तर साधा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तरी त्याच्या सळसळीवर सराव होतो.

धावण्यासाठी दोन खांबांमध्ये कमरेच्या उंचीवर दोरी ताणून बांधतात. विद्यार्थ्याने दोरी थेट मुठीत धरली, तर वेगात तळहात सोलवटतो. त्यामुळे दोरीत सरकती कडी ओवून ती धरायला देतात. खांबाच्या बरेच अलीकडे जाड गाठ मारणे अत्यावश्यक आहे. कडी तिथे अडते आणि खांबावर आदळण्याचा धोका टळतो. तरी पूर्ण वेगात कडी अडली, तर खांद्याला हिसका बसतो. म्हणून गाठ येण्याआधीच ‘सोड’ असे ओरडून सांगणारा माणूस तिथे उभा हवा. दोरी सैल असेल, तर मधल्या टप्प्यात धावणारा बाजूला झुकत जातो. पहिल्या धावेपूर्वी विद्यार्थ्याला ही सारी वाट चालत फिरवून आणतात. कडी धरलेला हात मोकळेपणी हलत नसल्याने परतताना हात बदलला जातो.

‘इकडे ये’, ‘तिकडे टाक’ अशा सूचनांतून न पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. आधी नाव, मग त्याच्या अंगाने दिशा आणि अंतर सांगावे : ‘सुमन, उजवीकडे, तीन पावले.’ चेंडू देण्याआधी देणारा नाव घेतो, घेणारा ‘इथे’ म्हणून टाळी वाजवतो आणि त्यानंतरच चेंडू सुटतो. अंधांच्या क्रिकेटमध्येही गोलंदाज आधी ‘रेडी’ विचारतो, फलंदाजाने होकार दिल्यावर ‘प्ले’ म्हणत चेंडू टाकतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो अनेकांनी एकदम सूचना दिल्याने. मूल जागीच थबकते, मान दोन्हीकडे वळवते, हात पुढे धरते. यावरून ते गोंधळल्याचे ओळखावे. अंधांच्या फुटबॉलमध्ये यासाठी मैदानाचे तीन भाग मानले आहेत. बचावाच्या भागात डोळस गोलरक्षक बोलतो, मध्यभागात प्रशिक्षक आणि चढाईच्या भागात प्रतिस्पर्ध्यांच्या गोलमागे उभा असलेला मार्गदर्शक. शाळेच्या तासालाही एका वेळी कोण बोलणार हे खेळ सुरू होण्याआधी ठरवून घेतात. जोराचा वारा किंवा घुमणारे सभागृह असेल, तर चेंडूचा आवाजच नीट येत नाही; अशा वेळी दोरीवरचे खेळ घेणे बरे.