अंतिम परीक्षेतील किमान आवश्यक गुण

वर्षभराचे काही गुण हातात आले आहेत, शेवटचा पेपर बाकी आहे, आणि विषयात अमुक टक्के मिळवायचे आहेत. अशा वेळी त्या पेपरात कमीत कमी किती गुण पडायला हवेत, हे काढण्याची ही रीत आहे. विद्यार्थी ती बहुधा वहीच्या मागच्या पानावर, पेपरच्या आदल्या रात्री करतात. गणित सातवीच्या पातळीचे आहे, पण चुका पदवीच्या वर्गातही होतात.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमातला नेहमीचा लेखी विषय घेऊ. एकूण १०० गुणांपैकी २० अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ८० सत्रअखेरच्या पेपरचे. अंतर्गत गुण म्हणजे प्रत्येकी २० गुणांच्या दोन चाचण्यांची सरासरी. समजा एका मुलीला चाचण्यांत १४ आणि १६ पडले, म्हणजे सरासरी १५. तिला विषयात ६० टक्के हवे आहेत. ६० मधून १५ गेले, उरले ४५. हे ४५ गुण ८० पैकी मिळवायचे, म्हणजे पेपरात ५६.२५ टक्के.

नेमकी चूक इथेच होते. २० पैकी १५ म्हणजे ७५ टक्के. ७५ आणि पेपरच्या टक्क्यांची सरासरी ६० यायला हवी, तर पेपरात ४५ टक्के पुरेत, असा हिशेब मांडला जातो. उत्तरात पुन्हा ४५ च दिसतो, म्हणून शंकाही येत नाही. पण ८० चे ४५ टक्के म्हणजे ३६ गुण, आणि ३६ अधिक १५ म्हणजे ५१. साठाचे स्वप्न नऊ गुणांनी हुकले. साधी सरासरी दोन्ही भागांना सारखे वजन देते, प्रत्यक्षात पेपरचे वजन चाचण्यांच्या चौपट आहे. ताळा करायला सोपे आहे: आलेले उत्तर गुणांत बदलून अंतर्गत गुणांत मिळवावे आणि बेरीज लक्ष्याला पोहोचते का ते पाहावे.

जिथे गुणांऐवजी प्रत्येक भागाचा टक्क्यांत भार दिलेला असतो, तिथे हेच सूत्र असे लिहितात:

```
x = 100 × (T − A) / w
```

T म्हणजे लक्ष्य टक्केवारी, A म्हणजे आतापर्यंत जमा झालेले भारित गुण, w म्हणजे अंतिम परीक्षेचा टक्क्यांतला भार आणि x म्हणजे त्या परीक्षेत लागणारे टक्के. अमेरिकेत शिकायला गेलेल्यांना हीच रीत लागते. गृहपाठाला २०, मध्यसत्र परीक्षेला ३०, प्रकल्पाला १० आणि अंतिम परीक्षेला ४० टक्के भार असलेला विषय धरू. गृहपाठात ९२ टक्के आणि मध्यसत्रात ७१ टक्के असतील, तर जमा १८.४ अधिक २१.३, म्हणजे ३९.७. लक्ष्य ८५ असेल तर ४५.३ अजून कमवायचे आहेत. प्रकल्प तपासून आलेला नाही, म्हणून उत्तर एक नाही: प्रकल्पात ९० टक्के धरले तर परीक्षेत ९०.७५ लागतात, ८० धरले तर ९३.२५. अशा वेळी दोन्ही आकडे मांडून ठेवणे शहाणपणाचे. कॅनव्हाससारख्या प्रणालीत मात्र पडद्यावर ७९.४ टक्के दिसू शकतात, कारण `Calculate based only on graded assignments` ही खूण लावलेली असली की न तपासलेले काम हिशेबातून वगळले जाते. हा आकडा A म्हणून सूत्रात टाकला की लक्ष्य अगदी हाताशी आल्यासारखे वाटते आणि उत्तर साफ चुकते.

आलेले उत्तर नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करतात. अंतर्गत गुण १४.५ च धरले जाणार असतील तर ६० साठी ४५.५ लागतात, पेपरात अर्धा गुण देत नसतील तर ४६ धरावे, ४५ नव्हे. सरासरीचे १५ करतात की नाही, हे आधी कॉलेजात विचारून घ्यावे. ग्रेस गुण या हिशेबात धरू नयेत.

उत्तर भलतेच आले तर त्यालाही अर्थ असतो. अंतर्गत १० गुण असताना ९२ टक्के हवे असतील तर ८० पैकी ८२ लागतील. म्हणजे लक्ष्य आधीच हातचे गेले, जास्तीत जास्त ९० शक्य. उलट टोकाला सूत्र एकट्याने फसवते. तीच १५ गुणांची मुलगी फक्त पास व्हायचे म्हणाली तर ४० वजा १५, म्हणजे २५ गुण पुरेसे दिसतात. पण या अभ्यासक्रमात दोन्ही भागांत स्वतंत्र पासिंग आहे: अंतर्गत २० पैकी ८ आणि पेपरात ८० पैकी ३२. पेपरात २५ घेऊन एकूण ४० भरले तरी विषय राहतो आणि केटी लागते. म्हणून खरे उत्तर म्हणजे सूत्राचा आकडा आणि पासिंगचा आकडा यांतला मोठा, इथे ३२.