चादरीचा त्रिकोण आणि खिडकीतली नळी : फोटोथेरपीवरील निरीक्षणाची पार्श्वभूमी

फोटोथेरपी म्हणजे नवजात बाळाची कावीळ प्रकाशाने उतरवायची पद्धत. तिच्या सुरुवातीची, 1956 सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत होत्या. कोंदट पेटीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना बरं, असं त्यांचं मत होतं, म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. एका राउंडला त्यांनी डॉक्टरांपुढे एक बाळ उघडं केलं. अंग बऱ्यापैकी फिकट, पण एक त्रिकोणी पट्टा गडद पिवळा. काही औषध फासलंय का, असा प्रश्न आला. सिस्टरांचं उत्तर होतं की कावीळ उतरली आहे, फक्त चादरीचं टोक होतं तिथली राहिली आहे.

त्या वेळी त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. काही आठवड्यांनी कावीळ झालेल्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहिली आणि तिचं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत त्वचा पिवळी करणारं द्रव्य, अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं. ताजा नमुना घेतला तर आकडा पुन्हा चढा! तेव्हा दोन्ही गोष्टी जुळल्या. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स या संशोधकांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष मांडले आणि निळ्या फ्लुरोसंट नळ्यांचा दिवाही वापरून दाखवला. अमेरिकेत मात्र 1968 मधल्या ल्युसी यांच्या चाचणीनंतरच ही पद्धत रुळली.

मला हा इतिहास विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण दिव्याखालच्या बाळाची देखरेख करताना होणाऱ्या दोन मोठ्या चुका या दोन प्रसंगांतच दडलेल्या आहेत.

पहिली चूक त्रिकोणाची. साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो, म्हणून पित्तातून आणि लघवीतून बाहेर जातो. पण प्रकाश पडतो ती त्वचा आधी फिकी होते, रक्त मागे राहतं. म्हणून उपचार सुरू झाल्यावर नाक किंवा छाती दाबून कावीळ ‘पाहणं’ थांबवायचं. त्वचेवर टेकवून मोजणारं यंत्रही उघड्या त्वचेवर फसतं. खरा आकडा रक्ताचाच.

दुसरी चूक नळीची. प्रकाश नळीतलं बिलिरुबिनही तसंच बदलतो. म्हणून नमुना घेताना दिवा बंद करायचा, नळी लगेच फॉइलमध्ये गुंडाळायची आणि विनाविलंब पाठवायची.

सरावासाठी एक काल्पनिक केस घेऊ. 37 आठवड्यांचं, तिसऱ्या दिवसाचं बाळ. बिलिरुबिन 18.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, डॉक्टरांनी तीव्र फोटोथेरपी सांगितली. चार तासांनी छाती फिकट दिसली, रक्ताचा आकडा 14.2 आला आणि नोंद झाली, ‘कावीळ कमी.’ पुढच्या पाळीच्या सिस्टरांना मात्र शंका आली. बाळ दूध नीट ओढत नव्हतं, आठ तासांत एकच डायपर ओला होता आणि डायपर उघडल्यावर झाकलेली त्वचा तितकीच पिवळी होती. शिवाय चार तासांत चारपेक्षा जास्त मिलिग्रॅमची घसरण या पातळीला जरा जास्तच होती. चौकशीत कळलं, नळी सव्वा तास दिव्याखालच्या ट्रेवर उघडी पडली होती.

त्यांनी दिवा बंद करून नवा नमुना घेतला, फॉइलमध्ये पाठवला. आकडा आला 18.9. म्हणजे कावीळ वाढतच होती. मग बाळाच्या पातळीवर मीटर धरून प्रकाशाची तीव्रता मोजली. तीव्र फोटोथेरपीला किमान 30 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर हवी, इथे भरली 13. दूध पाजताना दिवा वर सरकवला होता, तो तसाच राहिला होता. नुसता ‘लाइट चालू’ असं लिहिणं म्हणूनच पुरेसं नाही; अंतर आणि मीटरचा आकडाही लिहावा.

त्यांनी डॉक्टरांना दोन्ही आकडे आणि मंद चोखणं लगेच कळवलं, कारण सुस्ती, मंद चोखणं, किंचाळणं किंवा मान मागे ताणणं ही मेंदूवर परिणाम होत असल्याची खूण असू शकते. दिवा उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर आणला, डायपर शक्य तितका लहान केला, डोळ्यांची पट्टी नाकावर सरकलेली नाही हे पाहिलं. दर दोन-तीन तासांनी दूध, तापमान आणि ओल्या डायपरची नोंद सुरू झाली. सहा तासांनी आकडा 17.1, मीटरवर 33.

दिवा बंद झाल्यावरही काम उरतं. आतड्यातून बिलिरुबिन पुन्हा शोषलं जाऊन आकडा उसळू शकतो, म्हणून बारा ते अठरा तासांनी डॉक्टरांच्या सूचनेनुसार पुन्हा रक्त तपासलं. तेव्हा आकडा स्थिर होता.