संध्याकाळची त्रिप्रश्नी नोंद

दिवस संपताना त्याच तीन प्रश्नांची रोज मिनिटभरात उत्तरे लिहिण्याची पद्धत. दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या रुग्णांसाठी ती विशेष उपयोगी पडते, कारण पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी विचारले की बहुतेकांना कालपरवाचे दुखणेच आठवते.

प्रश्नांसाठी चांगला आधार म्हणजे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पेग’ मोजपट्टी. दुखणे सरासरी किती होते, त्याने जगण्याचा आनंद किती हिरावला आणि रोजची कामे किती अडली, अशी तिची तीन अंगे असून प्रत्येकाला 0 ते 10 गुण देतात. मूळ मोजपट्टी मागच्या आठवड्याबद्दल विचारते. रोजच्या नोंदीत त्या जागी ‘आज’ येते. मात्र असे बदलल्यावर आलेले गुण मूळ मोजपट्टीच्या गुणांशी ताडून पाहू नयेत.

तिन्ही प्रश्नांत मोठा आकडा म्हणजे जास्त त्रास, हे पथ्य मोडू नये. एका प्रश्नात 8 वाईट आणि दुसऱ्यात 8 चांगले असेल, तर दमलेला माणूस घाईत उलटे लिहितो. ‘झोप आणि भूक कशी होती?’ असा जोडप्रश्नही टाळावा. झोप लागली पण जेवण गेले नाही, तर लिहायचे काय? ‘दिवस कसा गेला?’ हा प्रश्न घरच्यांनी विचारायला छान, पण त्याचे उत्तर मिनिटात मावत नाही.

समजा, कंबरदुखी असलेल्या शिक्षिकेची सोमवारची नोंद 6, 3, 2 आणि गुरुवारची 6, 7, 8 आहे. दुखणे दोन्ही दिवशी सारखेच, पण गुरुवारी कामे अडली. त्या दिवशी काय वेगळे घडले, हे डॉक्टरांना नेमके विचारता येते. नुसत्या पहिल्या आकड्यावरून हा फरक कळलाच नसता.

खरी अडचण नियमितपणाची. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांच्या कागदी वह्यांत, वही कधी उघडली हे टिपणारे छुपे प्रकाशसंवेदक बसवले होते. रुग्णांनी दाखवलेल्या तारखा-वेळांनुसार 90 टक्के नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात 11 टक्केच. बाकीच्या मागाहून किंवा आगाऊ भरलेल्या. यात रुग्णांना लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. रिकामा रकाना म्हणजे चूक, असे वाटले की माणूस तो भरतोच. म्हणून ‘राहिलेला दिवस कोरा सोडा’ हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे. आठवडाभर एकच शाई, एकच वळण आणि सलग 5, 5, 5 दिसले, तर नोंद एका बैठकीत उरकल्याची शंका घ्यावी.

वेळ घड्याळापेक्षा सवयीला बांधलेली बरी: रात्रीची गोळी घेताना, वही गोळ्यांच्या डबीखालीच ठेवून. तरीही एक मर्यादा उरते. लिहिताना कंबर ठणकत असेल, तर सबंध दिवसाचा आकडा वर सरकतो. दुपारी ओसरलेले दुखणे या नोंदीत नीट उमटत नाही. ते हवे असेल तर दिवसातून अनेकदा विचारावे लागते.